न झालेल्या बैठकीचे इतिवृत्त

“मॅडम, दोनच तर पानं आहेत. तुम्ही टाइप करून द्या, सह्या आम्ही करतो.” कंपनी सेक्रेटरीच्या व्यवसायात ही विनंती दिवाळीनंतर हमखास येते. बँकेचा अधिकारी तपासणीला येऊन गेलेला असतो, लेखापरीक्षकाने यादी पाठवलेली असते, आणि मालकाच्या लक्षात येते की वर्षभर कारखाना उत्तम चालला, पण संचालक मंडळाची बैठक म्हणून कुणी बसलेच नाही. मग ‘मिनिट्स लिहून टाका’ असा निरोप येतो. तो देणाऱ्याच्या मनात फसवणूक नसते. त्याच्या लेखी हा राहून गेलेला कागद असतो, आणि राहिलेला कागद पुरा करायला हरकत ती काय!

हरकत कोणती, आणि खरोखर झालेल्या बैठकीचे इतिवृत्त राहून गेले असेल तर ते उशिरा कसे नोंदवतात, हे एका उदाहरणावरून पाहू. दोन-तीन प्रकरणांतले तपशील एकत्र करून, नावगाव काढून, ते मी मांडते आहे. कोल्हापूरकडच्या औद्योगिक वसाहतीत दोन भावांची फाउंड्री आहे, प्रायव्हेट लिमिटेड. थोरले भाऊ अध्यक्ष, धाकटे संचालक. धाकट्यांचा मुलगा १ ऑगस्ट २०२४ पासून तिसरा संचालक झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्ज दुसऱ्या बँकेकडे नेण्याचे ठरले आणि त्या बँकेने मिनिट बुक मागितले. बुकात दोन जागा रिकाम्या निघाल्या.

पहिली जागा १२ मे २०२४ ची. जुन्या बँकेचे कर्जाचे कागद २० मे रोजी सही झाले होते. त्या वेळी बँकेने आपल्या छापील नमुन्यात संचालक मंडळाच्या ठरावाची प्रमाणित प्रत मागितली आणि दोघा भावांनी ती देऊन टाकली: ‘१२ मे रोजी झालेल्या बैठकीत ठराव संमत’. अशी बैठक झालीच नव्हती. १२ मे हा रविवार, आणि धाकटे भाऊ त्या आठवड्यात प्रदर्शनासाठी जर्मनीला होते. म्हणजे मूळ नसलेल्या ठरावाची प्रमाणित प्रत बँकेच्या फाइलीत सहा महिने सुखाने नांदत होती.

दुसरी जागा १८ जूनची. ही बैठक खरी झाली होती. नोटीस गेली होती, हजेरीपटावर दोघांच्या सह्या होत्या, नवी इंडक्शन फर्नेस घ्यायची की नाही यावर दीड तास चर्चाही झाली होती. फक्त ऑफिसात हे काम बघणारा मुलगा जुलैत नोकरी सोडून गेला आणि त्याच्या वहीतल्या नोंदी वहीतच राहिल्या.

थोरल्या भावांना दोन्ही रिकाम्या जागा सारख्याच वाटत होत्या. “दोन्हीकडे लिहायचं राहिलंय, एवढंच ना?” असे ते म्हणाले. कायद्याला मात्र या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी वाटतात.

इतिवृत्ताला कायद्याने जे वजन दिले आहे ते ध्यानात घेतले की हा फरक कळतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ११८ नुसार, नियमाप्रमाणे ठेवलेले इतिवृत्त हा बैठकीच्या कामकाजाचा पुरावा मानला जातो. एवढ्यावर कायदा थांबत नाही. इतिवृत्त रीतसर असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती बैठक रीतसर बोलावली गेली, भरली आणि त्यातले कामकाज तसेच झाले, असेच गृहीत धरले जाते. म्हणजे न्यायालयात किंवा बँकेत तुम्हाला बैठक झाल्याचे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. वही पुढे केली की पुरे; खोटे आहे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचे. इतके मोठे माप कायद्याने पदरात टाकले आहे ते एकाच भरवशावर, की वही बैठकीच्या मागून येते. बैठक नसताना वही लिहिणे म्हणजे राहिलेला कागद पुरा करणे नव्हे, पुरावा तयार करणे आहे.

म्हणून त्याची शिक्षाही वेगळ्या घरातली आहे. इतिवृत्त ठेवण्यात कसूर झाली तर कलम ११८ खाली कंपनीला २५ हजार आणि जबाबदार अधिकाऱ्याला ५ हजार रुपये दंड आहे. इतिवृत्तात फेरफार केल्याचा दोष सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, शिवाय २५ हजार ते १ लाख दंड. खोट्या इतिवृत्ताच्या आधारे निबंधकांकडे विवरणपत्र भरले की कलम ४४८ चे खोटे विधान येते, आणि ते कलम थेट कलम ४४७ च्या फसवणुकीकडे बोट दाखवते, जिथे कैदेची भाषा वर्षांत चालते. राहून गेल्याचा दंड हजारांत मिटतो. तो वाचवायला म्हणून माणसे कैदेच्या कलमात पाय घालतात, हे मला या धंद्यातले सगळ्यात न कळणारे गणित वाटते.

“पण कळणार कुणाला?” हा पुढचा प्रश्न. कळते. आणि बहुतेक वेळा ते फार हुशार माणसाला नव्हे, साध्या कारकुनालाही कळते. आमच्या फाउंड्रीत ऑफिसच्या मुलाने १२ मेचा मसुदा परस्पर टाइप करून आणला होता. त्यात ‘उपस्थित’ या शब्दाखाली तीन नावे होती. सध्या संचालक तीन आहेत, म्हणून त्याने तीन घातली. तिसरा मे महिन्यात संचालकच नव्हता. त्याच्या नेमणुकीचा फॉर्म निबंधकांच्या पोर्टलवर तारखेसकट कुणालाही दिसतो. दुसरे नाव जर्मनीत होते आणि पासपोर्टावर शिक्का होता. व्हिडिओद्वारे हजर होते म्हणावे, तर तशी नोटीस नाही, लिंक नाही, ध्वनिचित्रमुद्रण नाही. उरले एकटे थोरले भाऊ. संचालक मंडळाच्या बैठकीला किमान दोन संचालक किंवा एकूण संख्येच्या एकतृतीयांश, यांतला जो आकडा मोठा तेवढी गणपूर्ती लागते. एका माणसाची बैठक होत नाही.

मागून लिहिणाऱ्याला आजचे ज्ञान विसरता येत नाही, हीच त्याची अडचण. २०२१ सालच्या इतिवृत्तात स्थळ म्हणून ‘छत्रपती संभाजीनगर’ छापलेले असते, जेव्हा कागदोपत्री ते अजून औरंगाबाद होते. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली. पण फेब्रुवारी २०२० च्या ठरावात त्या शाखेचा उल्लेख कॅनराची शाखा म्हणून येतो. चार तिमाहींची चार इतिवृत्ते एकाच शाईत, एकाच कागदावर, एकाच शब्दरचनेत असतात आणि चारही बैठका सकाळी बरोबर ११ ला सुरू होऊन ११.३० ला संपतात. लेखापरीक्षकाला याहून जास्त काही सांगावे लागत नाही.

चार तिमाहींचे कारण सांगायला हवे. साध्या प्रायव्हेट कंपनीला वर्षात किमान चार बैठका घ्याव्या लागतात आणि दोन बैठकांत १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. व्याख्येत बसणाऱ्या छोट्या कंपनीला सवलत आहे: दर सहामाहीत एक बैठक, दोन्हींत किमान ९० दिवसांचे अंतर. वार्षिक विवरणपत्रात या बैठकांची माहिती भरायची असते. फॉर्म भरायला बसल्यावर रकाना रिकामा दिसतो आणि तारखा ‘शोधल्या’ जातात. म्हणजे आधी तारीख जन्माला येते, मग तिच्यासाठी बैठक.

बँकेच्या किंवा निबंधकांच्या नजरेला येणे हा त्यातला लहान धोका आहे. मोठा धोका घरातच असतो. भावाभावांत बिनसले की राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात अर्ज जातो, आणि अशा भांडणांतला एक ठरलेला आरोप असतो की अमुक तारखेला बैठक झालीच नाही. तरी तिच्या इतिवृत्तावर शेअर वाटले गेले, कुणाचा राजीनामा ‘मंजूर’ झाला, नवा संचालक आला. ज्याने आज ‘घरचंच आहे’ म्हणून कोऱ्या तारखेखाली सही केली, तोच उद्या अर्जदार असतो. मग ‘इतर इतिवृत्तेही अशीच लिहायचो’ असे त्याच्याच तोंडून येते आणि वहीतल्या खऱ्या बैठकाही संशयात सापडतात. वहीवरचा भरवसा सुटा-सुटा जात नाही, सगळा जातो.

थोरल्या भावांचा एक मुद्दा मात्र विचारात घेण्यासारखा होता. “आमचं ठरलं होतं की मॅडम. एप्रिलमध्ये जेवताना दोघं बोललो, कर्ज घ्यायचं नक्की झालं. मग बैठक झाली नाही कसं म्हणता?” कुटुंबाच्या कंपनीत निर्णय असेच होतात, आणि त्यात गैर काही नाही. पण ठरणे आणि बैठक होणे यांत फरक आहे. बैठकीची नोटीस प्रत्येक संचालकाला जावी लागते, साधारण सात दिवस आधी. तातडीचे काम असेल तर कमी मुदतीची नोटीसही चालते. मी त्यांना विचारले: जेवताना बसलात तेव्हा ही कंपनीची बैठक आहे हे दोघांना ठाऊक होते का, अध्यक्ष कोण होते, किती रक्कम आणि कोणती तारण मालमत्ता यावर ठराव झाला का? उत्तर सरळ आले: “तसं काही नव्हतं, गप्पा होत्या.” दोघे संचालक मुद्दाम बसले असते, विषय ठरलेला असता आणि नोटिशीत मात्र त्रुटी असती, तर ती सदोष बैठक ठरली असती आणि त्रुटीसकट तिची नोंद करता आली असती. गप्पांना ती वाट नाही.

कर्जाच्या बाबतीत दुसरीही एक पळवाट बंद आहे. काही निर्णय बैठक न घेता, मसुदा सगळ्या संचालकांना फिरवून बहुमताने संमत करता येतात. पण कलम १७९ मध्ये काही अधिकारांची यादी आहे, जे बैठकीतच वापरायचे असतात, आणि पैसे कर्जाऊ घेणे त्यात येते. त्यामुळे ‘फिरवून घेतला होता’ असेही म्हणता येत नव्हते.

मग १२ मेचे काय करायचे? तिथे काहीच लिहायचे नाही. नवी, खरी बैठक घ्यायची आणि जे झाले ते तिच्यात सांगायचे. १५ नोव्हेंबरला तिन्ही संचालकांना ईमेलने नोटीस गेली आणि २७ नोव्हेंबरला बैठक झाली. धाकटे भाऊ पुण्याहून व्हिडिओवर होते. तशी उपस्थिती कायद्याला चालते. माणसे चार गावांत असली तरी बैठक घेणे आता इतके सोपे आहे की खोटी लिहिण्याचे निमित्तच उरत नाही. ठराव साधारण असा झाला:

‘कंपनीने २० मे २०२४ रोजी बँकेसोबत कर्जाचे दस्तऐवज केले. त्यापूर्वी संचालक मंडळाची बैठक झाली नव्हती. बँकेस १२ मे २०२४ या तारखेच्या ठरावाची जी प्रत देण्यात आली, त्या तारखेस बैठक झाली नव्हती, हे मंडळाने नोंदवले. सदर कर्ज, त्याच्या अटी व तारण यांचा तपशील मंडळापुढे ठेवण्यात आला. मंडळ सदर व्यवहारास आज कार्योत्तर मंजुरी देत आहे. वस्तुस्थिती बँकेस लेखी कळवण्याचे अधिकार अध्यक्षांस देण्यात येत आहेत.’

कार्योत्तर मंजुरी हे मुरलेले कायदेशीर साधन आहे. ज्याच्या वतीने कुणी अधिकार नसताना काम केले, तो ते काम मागाहून आपले म्हणून स्वीकारू शकतो, आणि मग ते पहिल्यापासून अधिकाराने केल्यासारखे धरले जाते. म्हणजे खोट्या इतिवृत्तातून जे हवे होते, ते खऱ्या ठरावातून बरेचसे मिळते: कर्जाचा व्यवहार पक्का होतो. त्याच्या मर्यादाही आहेत. जे करण्याचा मंडळाला मुळात अधिकारच नव्हता ते अशाने पावन होत नाही. भागधारकांच्या सर्वसाधारण सभेची संमती लागणारा विषय संचालकांच्या मंजुरीने भागत नाही. आणि न झालेली बैठक झाली असे काही यातून होत नाही. दोन बैठकांतले अंतर १२० दिवसांवर गेले असेल तर तो भंग राहतोच, आणि त्याचा दंड निबंधकांपुढे स्वतःहून मांडून भरून टाकावा लागतो.

बँकेला खरे सांगायचे या वाक्यावर थोरले भाऊ थांबले होते. त्यांना वाटले, बँक कर्जच परत मागेल. तसा अधिकार बँकेला असतो, हे त्यांच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता. पण ज्या कर्जाचे हप्ते वेळेवर येतात आणि ज्याचे तारण जागेवर आहे, त्यासाठी बँकेला हवा असतो तो कंपनीला बांधून ठेवणारा ठराव. बनावट प्रतीपेक्षा कार्योत्तर मंजुरीचा ठराव त्यासाठी कितीतरी जास्त उपयोगाचा.

आता १८ जूनकडे येऊ. ही बैठक खरी, फक्त लेखन राहिलेले. रीत अशी आहे: बैठक संपल्यापासून १५ दिवसांत मसुदा संचालकांकडे जायचा, त्यांनी सात दिवसांत आपले म्हणणे कळवायचे, आणि बैठकीपासून ३० दिवसांच्या आत इतिवृत्त वहीत उतरायचे. ३० दिवसांची अट कायद्याची आहे. मधले टप्पे कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेने घालून दिलेल्या सचिवीय मानकांतले, आणि ती मानके पाळणे कायद्याने बंधनकारक केले आहे. म्हणजे आमची मुदत १८ जुलैला संपली होती. आता नोव्हेंबर होता.

मुदत संपली म्हणून लिहिणे सोडायचे नाही. उशिराचे इतिवृत्त सदोष असते, पण खोटे नसते. ते कसे लिहिले आहे यावर त्याची किंमत ठरते. पहिले काम होते बैठकीचे पुरावे गोळा करणे. नोटिशीचा ईमेल सापडला. विषयपत्रिकेसोबत फर्नेसची दोन दरपत्रके होती. हजेरीपट होता. नोकरी सोडून गेलेल्या मुलाची वही सुदैवाने कपाटात होती, आणि त्यात धाकट्या भावांचे नाव घालून एक ओळ होती: ‘वीजभार मंजूर झाल्याशिवाय ऑर्डर नको, विरोध नोंदवा.’

या ओळीवरून वाद झाला. थोरले भाऊ म्हणाले, “आता वीजभार मिळाला, भट्टी बसली, त्याचाही काही विरोध नाही. कशाला लिहायचं ते?” धाकटेही म्हणाले, “राहू दे आता.” पण इतिवृत्त लिहायचे होते १८ जूनचे. त्या दिवशी विरोध झाला होता, विरोध करणाऱ्या संचालकाचे नाव इतिवृत्तात यावे असे मानकांत आहे, आणि त्याने तशी मागणीही केली होती. उशिरा लिहिताना खरी कसोटी इथे असते. चार महिन्यांनी सगळ्यांचे मन बदललेले असते, शेवट कळलेला असतो, आणि बैठक प्रत्यक्षात होती त्यापेक्षा शहाणी करून लिहिण्याचा मोह होतो. दरपत्रकाचेही तसेच. जूनमध्ये मंडळापुढे होती ती मूळ किंमत. पुढे घासाघीस करून ती कमी झाली. इतिवृत्तात मूळच किंमत गेली. जे वहीत नाही आणि कुणाला नक्की आठवत नाही, ते आम्ही लिहिलेच नाही. त्यामुळे दीड तासाच्या चर्चेची सव्वा पानात बोळवण झाली, त्याला इलाज नव्हता.

मसुदा १४ नोव्हेंबरला दोघा भावांना ईमेलने गेला. जूनमध्ये एखादा संचालक असता आणि नंतर पायउतार झाला असता, तर त्यालाही त्या बैठकीचा मसुदा मिळण्याचा हक्क आहे. लोक हे विसरतात. २१ नोव्हेंबरपर्यंत धाकट्या भावांची एक दुरुस्ती आली, ती घेतली.

मग प्रश्न आला पानाचा. ५ सप्टेंबरच्या बैठकीचे इतिवृत्त पान ४४ ते ४६ वर होते आणि त्यावर सह्या झालेल्या होत्या. ऑफिसमधल्या मुलाने सुचवले की सुटी पाने आहेत, जूनचे मध्ये घालू आणि सप्टेंबरची पाने नवे क्रमांक घालून परत छापू. सुचवण्यामागे नीटनेटकेपणाच होता. पण तसे केले असते तर सप्टेंबरच्या खऱ्या सह्या फाडून नोव्हेंबरात नव्याने करून घ्याव्या लागल्या असत्या, आणि वही पाहणाऱ्याला वाटले असते की जूनचे इतिवृत्त जूनमध्येच लिहिले होते. पाने सलग क्रमांकाची असावीत, चिकटवलेली नसावीत, कोरे पान राहिले तर त्यावर रेघ मारून अध्यक्षांनी आद्याक्षरी करावी, हे नियम नेमके याच खटाटोपाला आळा घालायला आहेत. म्हणून जूनचे इतिवृत्त गेले पान ४७ वर, सप्टेंबरच्या नंतर. क्रम उलटा दिसतो. दिसू द्यावा. तो उलटा आहेच.

पान ४७ वर तीन तारखा आहेत आणि उशिराच्या इतिवृत्ताचा सगळा प्रामाणिकपणा त्या तीन तारखांत आहे. बैठकीची तारीख: १८ जून. वहीत नोंद केल्याची तारीख: २५ नोव्हेंबर. अध्यक्षांच्या सहीची तारीख: २८ नोव्हेंबर. नोंदीची तारीख वेगळी लिहावी असे मानकेच सांगतात. अध्यक्षांनी प्रत्येक पानावर आद्याक्षरी करून शेवटच्या पानावर सही, तारीख आणि ठिकाण लिहायचे असते. संचालक मंडळाच्या इतिवृत्तावर त्या बैठकीचा अध्यक्ष किंवा पुढच्या बैठकीचा अध्यक्ष सही करू शकतो. इथे दोन्ही एकच होते. पेन हातात घेतल्यावर थोरल्या भावांनी सवयीने विचारले, “तारीख जूनचीच टाकायची ना?” बरेचदा खरी बैठक खोटी दिसू लागते ती या एका सवयीमुळे. सहीखाली १८ जून लिहिले असते तर एका खऱ्या बैठकीच्या इतिवृत्तात एक खोटे विधान शिरले असते, आणि तेही अगदी विनाकारण.

२७ नोव्हेंबरच्या बैठकीत उशिराचीही नोंद झाली: ‘१८ जून २०२४ च्या बैठकीचे इतिवृत्त विहित ३० दिवसांत नोंदले गेले नाही. संबंधित कर्मचारी नोकरी सोडून गेल्याने हे राहून गेले. नोटीस, हजेरीपट व टिपणे यांच्या आधारे तयार केलेले इतिवृत्त २५ नोव्हेंबर २०२४ रोजी पान ४७ वर नोंदले आहे.’ एकदा वहीत उतरलेले इतिवृत्त पुढे गुपचूप बदलता येत नाही. चूक आढळली तर पुढच्या बैठकीत सांगून, ठराव करूनच दुरुस्त करता येते.

गृहनिर्माण संस्थांच्या वाचकांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. तिथे कायदा वेगळा आहे, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, पण दुखणे तेच. ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची, ती राहते, आणि ऑक्टोबरात कुणीतरी ‘मागच्या वर्षीचेच इतिवृत्त तारीख बदलून’ चिकटवते. शंभर-दीडशे सभासद असलेल्या संस्थेत हे कंपनीपेक्षा लवकर उघडे पडते, कारण सभेला गेलो नव्हतो हे प्रत्येक सभासदाला स्वतःला माहीत असते. पुनर्विकासाच्या निर्णयांसाठी शासनाने ४ जुलै २०१९ च्या निर्देशांत सभेचे व्हिडिओ चित्रीकरण सांगितले, ते उगीच नव्हे.

शेवटी एक सांगणे, कुटुंबाच्या कंपनीत ‘नावापुरत्या’ संचालक असलेल्या बायका, सुना, मुले, आईवडील यांना. घरातले माणूस कागद पुढे करते आणि तुम्ही खूण केलेल्या जागी सही करता. कायद्याच्या पुस्तकात नावापुरता संचालक असा वर्ग नाही. बैठकीचा मसुदा पंधरा दिवसांत मिळणे हा तुमचा हक्क आहे, त्यावर सात दिवसांत म्हणणे मांडणे हाही, आणि जुनी वही उघडून पाहणे हाही. पुढच्या वेळी कागद आला की उपस्थितांची नावे वाचा. त्या तारखेला तुम्ही तिथे नव्हता, तर सही करू नका. होता, तर सही करा आणि खाली आजची तारीख घाला.